अभ्यासाच्या टेबलासाठी मॉनिटर: आधी टेबल मोजा, मग इंच ठरवा

कॉलेजं सुरू झाली की ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न येतो: "24 इंची घेऊ की 27?" या प्रश्नात टेबल नसतं, मुलगा नसतो, त्याचा लॅपटॉपही नसतो. असतो तो फक्त इंचाचा आकडा. मग बजेट त्या आकड्यात संपतं आणि महिन्याभरात तक्रार येते की अक्षरं फिसकटलेली दिसतात, नाहीतर वही ठेवायला जागाच उरली नाही.

चूक निवडीच्या क्रमात होते. आधी अंतर, मग रिझोल्यूशन, त्यानंतर इंच आणि शेवटी पोर्ट असा क्रम धरला की कमी पैशातही गोष्ट नीट बसते. नुकतंच माझ्या भाचीसाठी हे सगळं केलं, तेच उदाहरण घेऊन सांगतो. ती अकरावी सायन्सला आहे आणि भाड्याच्या खोलीत राहते. टेबल 90 सेंमी रुंद आणि 45 सेंमी खोल. लॅपटॉप 15.6 इंची, जुना, 1366 × 768 चा, म्हणजे स्क्रीनवर आडवे 1366 आणि उभे 768 ठिपके. खर्चाची मर्यादा 8,000 रुपये. काम ठरलेलं: एका बाजूला लेक्चरचा व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला पुस्तकाची पीडीएफ आणि समोर वही.

## पायरी 1: डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर मोजा

मुलाला रोजच्या खुर्चीत बसवा. ताठ बसायला सांगू नका, लिहिताना बसतो तसंच बसू द्या. त्याच्या डोळ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत सुतळी धरा आणि ती टेपने मोजा.

भाचीच्या बाबतीत हे अंतर 60 सेंमी भरलं. पण स्क्रीन भिंतीला चिकटून बसत नाही. मागे स्टँडचा पाय असतो, वायर वळवायला जागा लागते. साध्या मॉनिटरचा पुढचा भाग भिंतीपासून साधारण 12 ते 15 सेंमी पुढे येतो. म्हणजे तिच्या डोळ्यापासून स्क्रीन खरी 47 सेंमीवर येणार होती. पुढचं सगळं या एका आकड्यावर ठरतं, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा.

तपासणी: अंतर 45 सेंमीपेक्षा कमी आलं तर कुठलाही मॉनिटर घेण्याआधी टेबलाची मांडणी बदला. टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून मागच्या फटीत फळी बसवता येते. स्क्रीन कोपऱ्यात तिरपी ठेवली तरी चार-पाच सेंमी मिळतात.

## पायरी 2: पुठ्ठा कापून टेबलावर उभा करा

इंच हे तिरकं माप असतं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं. त्यावरून टेबलावर किती जागा जाईल याचा अंदाज कुणालाच येत नाही. म्हणून जुन्या खोक्याचे पुठ्ठे या मापाने कापा:

- 22 इंची (प्रत्यक्षात बहुधा 21.5): 48 × 27 सेंमी
- 24 इंची (प्रत्यक्षात बहुधा 23.8): 53 × 30 सेंमी
- 27 इंची: 60 × 34 सेंमी

पुठ्ठा वहीच्या गठ्ठ्याला टेकवून त्या जागी उभा करा आणि मुलाला समोर बसवून दहा मिनिटं वही लिहू द्या. मान न हलवता दोन्ही कोपरे दिसतात का, कोपर कुठे अडतं का, ते बघा. ए-फोर कागद 21 × 29.7 सेंमीचा असतो. दोन कागद शेजारी-शेजारी उभे धरले तर 24 इंचीच्या पुठ्ठ्यावर बसतात आणि बाजूला थोडी रुंदी उरते. स्क्रीनवर पानं किती मोठी दिसतील याचा अंदाज त्यावरून येतो.

पुठ्ठ्यापेक्षाही महत्त्वाचा असतो स्टँडचा पाय. तो 18 ते 20 सेंमी खोल असतो. 45 सेंमीच्या टेबलावर तो बसला की पुढे 25 सेंमी उरतात, आणि ए-फोर वहीला 30 लागतात. पाच सेंमी वही टेबलाबाहेर लटकते. ही गोष्ट दुकानात कुणीच सांगत नाही, कारण तिथे काउंटर दोन फूट खोल असतो.

मी स्वतः हीच चूक केली होती. मुलासाठी 27 इंची मॉनिटर आणला, फुल एचडी, टेबल असंच 45 सेंमीचं. आठवडाभरात तो खुर्ची मागे ओढून बसायला लागला आणि वही मांडीवर घ्यायला लागला. मला वाटलं, आळस. पण एवढ्या जवळून त्याला कडा बघायला मान वळवावी लागत होती आणि अक्षरांचे ठिपके दिसत होते. अंतर वाढवण्याचा त्याच्याकडे तेवढाच मार्ग होता.

भाचीसाठी आम्ही स्क्रीन टेबलाच्या डाव्या टोकाला तिरपी ठेवायची ठरवली. 48 सेंमी स्क्रीनला गेले, उजवीकडे 42 उरले. तिथे वही सरळ बसते.

## पायरी 3: रिझोल्यूशन ठरवा

इंच म्हणजे स्क्रीनचा आकार, रिझोल्यूशन म्हणजे त्यावर मावणारा मजकूर. आकार वाढला म्हणून मजकूर वाढत नाही. 22 इंची आणि 27 इंची फुल एचडी मॉनिटरवर एका वेळी अगदी तेवढाच मजकूर दिसतो, फक्त दुसऱ्यावर तो ताणलेला असतो.

भाचीच्या कामावर हे लावून बघू. स्क्रीनचे उभे दोन भाग केले, डावीकडे व्हिडिओ, उजवीकडे पीडीएफ. 1366 रुंदीच्या स्क्रीनवर अर्ध्या भागात 683 ठिपके येतात. त्यात ए-फोर पान रुंदीभर बसवलं तर 11 पॉइंटच्या अक्षराला उंचीत साधारण 12 ठिपके मिळतात. इंग्रजी कसंबसं वाचता येतं. पण मराठीत एवढ्याच उंचीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार मावावा लागतो. "ष्ट्य" आणि "द्ध" सारखी जोडाक्षरं गोळा होतात. रसायनशास्त्राच्या सूत्रातला खाली लिहिलेला 2 आणि 3 ओळखू येत नाही. अक्षर मोठं केलं की पान आडवं सरकवत बसावं लागतं.

1920 × 1080 म्हणजे फुल एचडी. इथे अर्ध्या भागात 960 ठिपके येतात आणि त्याच अक्षराला साधारण 17 मिळतात. जोडाक्षर सुटं दिसतं, सूत्र वाचता येतं. म्हणून कमी बजेटमध्ये माझा नियम साधा आहे: 1920 × 1080 च्या खाली नवा मॉनिटर घ्यायचा नाही. 18.5 इंची 1366 × 768 चा मॉनिटर हजार-दीड हजाराने स्वस्त मिळाला तरी नाही. त्यावर लॅपटॉपपेक्षा एक ओळही जास्त दिसणार नाही.

याच्या वरची पायरी 2560 × 1440. ती खरंच छान असते, पण ती 27 इंचीवर शोभते आणि त्याला खोल टेबल लागतं. 8,000 च्या बजेटमध्ये तिचा विचार सोडून द्या. फोर-के तर अजिबात नको. 24 इंचीवर फोर-केची अक्षरं इतकी बारीक होतात की ती 150-200 टक्के मोठी करावीच लागतात.

सावधान: "32 इंची टीव्ही याच किमतीत येतो, तोच मॉनिटर म्हणून लावू," हा मोह फार घरांत होतो. स्वस्तातला 32 इंची टीव्ही बहुधा "एचडी रेडी" असतो, म्हणजे 1366 × 768. त्याचा एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठा असतो, 22 इंची फुल एचडीच्या दुप्पट. तीन मीटरवरून मालिका बघायला तो चांगला, अर्ध्या मीटरवरून पुस्तक वाचायला नाही.

## पायरी 4: आता इंच ठरवा

रिझोल्यूशन फुल एचडी पक्कं झालं की इंच अंतरावरून आपोआप ठरतात:

- 50 सेंमीपेक्षा कमी: 22 इंची
- 50 ते 65 सेंमी: 24 इंची
- 65 सेंमीपेक्षा जास्त: तरीही 24. 27 घ्यायचा तर 2560 × 1440 चा.

यामागचं कारण सोपं आहे. 22 इंची स्क्रीन 45 सेंमीवरून, 24 इंची 50 वरून आणि 27 इंची साधारण 57 वरून पाहिली तर डोळ्याला चित्र सारख्याच आकाराचं दिसतं. म्हणजे लांब बसायला जागा असेल तरच मोठ्या स्क्रीनला अर्थ आहे. जागा नसताना मोठी स्क्रीन घेतली तर तुम्ही तेच चित्र जास्त पैसे देऊन जास्त जवळून बघता.

यात एक अपवाद आहे. मुलाला चष्मा असेल आणि अक्षरं बारीक वाटत असतील, तर 22 पेक्षा 24 घ्या आणि टेबल थोडं पुढे ओढून जागा करा. अक्षरं मोठी करायला विंडोजमध्ये 125 टक्के करता येतं, पण त्याची किंमत असते. फुल एचडी स्क्रीन 125 टक्क्यांवर नेली की तिच्यावर 1536 × 864 इतकाच मजकूर मावतो. 24 इंचीवर मात्र 100 टक्क्यांतच अक्षर मोठं मिळतं आणि मजकूर कमी होत नाही.

भाचीचं अंतर 47, म्हणून 22 इंची ठरला. भिंतीवर ब्रॅकेट लावला असता तर स्क्रीन सात-आठ सेंमी मागे गेली असती आणि 24 बसला असता. पण खोली भाड्याची, घरमालक भोकं पाडू देत नाहीत. तुमचं घर स्वतःचं असेल तर हा पर्याय जरूर तपासा. मॉनिटरच्या पाठीवर चौकोनात चार स्क्रूची भोकं लागतात, 75 × 75 किंवा 100 × 100 मिलिमीटर अंतराची. स्वस्त मॉडेलांत ती कधीकधी नसतात, म्हणून पाठ बघितल्याशिवाय ब्रॅकेट विकत घेऊ नका.

## पायरी 5: कॉम्प्युटरचं पोर्ट बघा

घरी लॅपटॉपच्या कडेला बोटभर रुंदीचं, खालचे दोन कोपरे तासलेलं एचडीएमआय पोर्ट आहे का बघा. फुल एचडीसाठी ते पुरतं. फार जुन्या डेस्कटॉपला फक्त निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए असतं. त्यावरही फुल एचडी चालतं, अक्षरं किंचित मऊ दिसतात. अशा डेस्कटॉपसाठी व्हीजीए असलेलाच मॉनिटर घ्या, कन्व्हर्टरच्या नादी लागू नका.

कन्व्हर्टर लागलाच तर दिशा विचारून घ्या. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा वेगळा आणि व्हीजीएमधून एचडीएमआय काढणारा वेगळा. दोन्ही दिसायला सारखे असतात आणि उलटे चालत नाहीत.

लॅपटॉप नाही, मोबाइलच मॉनिटरला लावू, असा बेत असेल तर तो आधी एखाद्याच्या मॉनिटरवर करून बघा. बजेट फोनच्या टाइप-सी पोर्टमधून सहसा चित्र बाहेर येतच नाही. पोर्टचा आकार तोच असला तरी त्यातून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात.

## पायरी 6: दुकानात स्वतःचं पान उघडा

दुकानात मॉनिटरवर नेहमी निसर्गाचा रंगीत व्हिडिओ चालू असतो. त्यावर प्रत्येक स्क्रीन चांगलीच दिसते. म्हणून मुलाचा लॅपटॉप सोबत न्या आणि त्यात बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची पीडीएफ आधीच उतरवून ठेवा. दुकानदाराला सांगा, "दादा, मला याच पानावर बघायचंय." पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज करू देतात. जो करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

आता टेबलाच्या अंतरावर, म्हणजे आमच्या बाबतीत 47 सेंमीवर, उभं राहून तीन गोष्टी बघा. पहिली, जोडाक्षर आणि सूत्रातला लहान आकडा सुटा दिसतो का. दुसरी, डोकं थोडं खाली नेलं की पांढरं पान काळपट किंवा पिवळट होतं का. होत असेल तर पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, बहुधा टीएन प्रकारचं आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी आयपीएस प्रकारचं घ्या, कारण लिहिताना मुलाचं डोकं सतत वर-खाली होतं. तिसरी, पान भराभर सरकवल्यावर काळ्या अक्षरांमागे शेपूट दिसतं का. व्हीए पॅनेलच्या काही स्वस्त मॉडेलांत ते दिसतं.

वक्राकार स्क्रीन, 165 हर्ट्झ, मागचे रंगीत दिवे यांचा अभ्यासाशी संबंध नाही. त्यासाठी पैसे वाढवू नका.

### जुना मॉनिटर घेत असाल तर

5,000 च्या आत बजेट असेल तर कंपन्यांतून काढलेला जुना मॉनिटर हा चांगला मार्ग आहे, आणि इथे इंचाचा आकडा पुन्हा फसवतो. जुना 22 इंची 1680 × 1050 चा मॉनिटर नव्या 24 इंचीइतकाच उंच असतो, जवळपास 30 सेंमी. त्यावर पान छान उभं दिसतं. उलट 20 इंची 1600 × 900 चा मॉनिटर सुबक दिसतो, पण उंचीत कमी पडतो. एका वेळी एकच पान वाचायचं असेल, तर जुना 19 इंची 1280 × 1024 चा चौकोनी मॉनिटरही उपयोगी पडतो. व्हिडिओ आणि पान शेजारी ठेवायला मात्र तो अरुंद आहे.

जुन्या मॉनिटरच्या पाठीवरचं निर्मितीचं वर्ष वाचा. 2010 च्या आधीच्या मॉनिटरमध्ये बहुधा ट्यूबचा प्रकाश असतो. तो मंद आणि पिवळा होत जातो. पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर उघडून चारही कोपरे बघा, मग काळं पान उघडून प्रकाश कुठे गळतोय का बघा. मॉनिटर दहा मिनिटं चालू ठेवा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात.

## पायरी 7: घरी जोडल्यावर

सगळं योग्य घेऊनही शेवटी इथे घोटाळा होतो. भाचीने मॉनिटर जोडला आणि अर्ध्या तासात तिचा फोन: "मामा, यापेक्षा लॅपटॉपच बरा होता. सगळं धुरकट दिसतंय." संध्याकाळी जाऊन बघितलं. मॉनिटर फुल एचडी होता, पण विंडोजने त्यावर लॅपटॉपच्या स्क्रीनची नक्कल दाखवली होती. लॅपटॉप 1366 × 768 चा, म्हणून नवी स्क्रीनही तेवढ्याच ठिपक्यांवर चालली होती आणि ते ताणून भरत होती.

हे असं दुरुस्त करा:

1. `Win + P` दाबा. `Duplicate` निवडलेलं असेल तर ते बदलून `Extend` करा. लॅपटॉपची स्क्रीन वापरायचीच नसेल तर `Second screen only`.
2. `Settings > System > Display` उघडा आणि वरच्या चित्रातली नव्या मॉनिटरची चौकट निवडा. हे विसरलं तर बदल लॅपटॉपच्या स्क्रीनवर होतात.
3. `Display resolution` मध्ये `1920 × 1080 (Recommended)` असावं.
4. `Scale` आधी `100%` ठेवा. चार दिवस वापरूनही अक्षरं बारीक वाटली तरच `125%` करा. अक्षरं मोठी करण्यासाठी रिझोल्यूशन कधीच कमी करू नका. त्याने सगळं धुरकट होतं.
5. अक्षरांच्या कडा अजूनही खरखरीत वाटल्या तर स्टार्टमध्ये `cttune` टाइप करा आणि दिसणाऱ्या नमुन्यांतून सगळ्यात स्पष्ट वाटेल तो मुलालाच निवडू द्या. डोळे त्याचे आहेत.

व्हीजीए वायर असेल तर मॉनिटरच्या बटणांतून `Auto Adjust` एकदा दाबा. टीव्ही वापरत असाल आणि टास्कबारची कड कापली जात असेल, तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये `Just Scan` किंवा `Screen Fit` शोधा.

उंचीसाठी वेगळा स्टँड नको. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. आम्ही दोन जुने गाईड खाली ठेवले आणि काम झालं. खिडकी मुलाच्या पाठीमागे असेल तर स्क्रीनवर तिचं प्रतिबिंब पडतं. स्क्रीन खिडकीला काटकोनात वळवा.

शेवटची तपासणी: मुलाला पहिल्याच दिवशी दोन तास खराखुरा अभ्यास करू द्या आणि सुतळीने पुन्हा अंतर मोजा. तो पुढे झुकून बसला असेल तर अक्षरं बारीक पडताहेत, खुर्ची मागे सरकवली असेल तर स्क्रीन त्या टेबलाला मोठी आहे. बिलावरची परतीची मुदत बघून ठेवा आणि ती संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल फेकू नका.